पंचेचाळीस सेकंदांत ड्रिफ्ट व्हेलॉसिटी: एका स्क्रिप्टचं प्रकरण

प्रश्न तास संपता संपता आला. बाईंनी फळ्यावर ड्रिफ्ट व्हेलॉसिटीचं, म्हणजे तारेत इलेक्ट्रॉन ज्या वेगाने सरकतात त्या वेगाचं, गणित सोडवलं होतं. उत्तर आलं होतं सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. वह्या मिटायला लागल्या होत्या आणि मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, एवढ्या हळू जातात तर दिवा लगेच कसा लागतो?"

बाई म्हणाल्या, "तो विद्युतक्षेत्राचा वेग असतो, इलेक्ट्रॉनचा नाही." तेवढ्यात घंटा झाली. मुलांनी मान डोलावली आणि ती गेली.

शिक्षक खोलीत येऊन त्या मला म्हणाल्या, "सर, उत्तर बरोबर होतं, पण त्या पोराला काहीही कळलेलं नाही." उद्याच्या तासाची सुरुवात याच उत्तराने करायची असं त्यांनी ठरवलं होतं, पण त्याला पाऊण मिनिटाहून एक सेकंदही जास्त द्यायचा नव्हता, कारण पुढे रोधकता शिकवायची होती. तोंडाला येईल ते बोलायला गेलं की पाच मिनिटं जातात हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. म्हणून आम्ही दोघं बसलो आणि शब्दन् शब्द लिहून काढायचं ठरवलं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं, ते इथे लिहितो आहे.

आधी आकडा

मुलाला जो आकडा खटकला तो खरंच खटकण्याजोगा आहे, म्हणून आधी तोच नीट पाहू. सूत्र नेहमीचंच:

```
v = I / (n × A × e)
```

हे सूत्र मी मुलांना जरा वेगळ्या तऱ्हेने वाचून दाखवतो. तांब्याची एक मीटर लांबीची तार घ्या, काटछेद एक चौरस मिलिमीटर. एका घनमीटर तांब्यात सुमारे ८.५ × १०²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येकावरचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कूलंब असतो. म्हणजे आपल्या या एका मीटर तारेत फिरता प्रभार किती, तर जवळजवळ १३,६०० कूलंब. तारेतून एक अँपिअर प्रवाह जातो आहे असं धरू, म्हणजे सेकंदाला एक कूलंब. तारेत आत्ता असलेला सगळा प्रभार पलीकडच्या टोकाने निघून जायला मग १३,६०० सेकंद हवेत, म्हणजे पावणेचार तास. एका मीटरला पावणेचार तास, म्हणून सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. गोगलगाय याहून बरीच जोरात चालते.

एवढं पाहिलं की कोडं कुठे आहे ते दिसतं. इलेक्ट्रॉन हळू जातात, कारण तारेत ते अफाट संख्येने आहेत. आणि दिवा लगेच लागतो तोही त्याच कारणाने: ते सगळीकडे आधीपासून आहेत, दिव्याच्या तारेतसुद्धा. मुलाच्या डोक्यात मात्र वेगळं चित्र होतं. बटणाच्या आत इलेक्ट्रॉन तयार उभे आहेत, बटण दाबलं की ते शर्यतीसारखे सुटतात आणि दिव्यापर्यंत पोचले की दिवा लागतो. हे चित्र मोडायचं होतं. दोन वेगांतला फरक सांगणं हे काम त्याच्या नंतरचं. बाईंच्या पहिल्या उत्तराने चित्राला धक्काच लागला नव्हता. शर्यतीत पळणाऱ्याचं नाव फक्त बदललं होतं.

पहिला खर्डा

बाईंनी जो पहिला मजकूर लिहिला तो जसाच्या तसा देतो, कारण आपण सगळेच असं लिहितो:

"मुलांनो, काल आपण पाहिलं की तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉनची ड्रिफ्ट व्हेलॉसिटी सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. मग भिंतीवरचं बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो? समजा, एक नळी पाण्याने भरलेली आहे. एका टोकाने पाणी ढकललं की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी बाहेर येतं. किंवा नळीत गोट्या भरल्या आहेत असं समजा. इकडून एक गोटी आत सारली की तिकडून एक बाहेर पडते. किंवा रांगेत उभी असलेली माणसं घ्या, मागच्याने धक्का दिला की पुढचा हलतो. तसंच तारेमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असतात. बटण दाबलं की विद्युतक्षेत्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपासच्या वेगाने प्रस्थापित होतं आणि सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेळी विशिष्ट दिशेने सरकू लागतात. म्हणजे इलेक्ट्रॉन हळू जातात, पण परिणाम वेगाने जातो. ड्रिफ्ट व्हेलॉसिटी आणि विद्युत संकेताचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा."

यात चुकीचं म्हणावं असं फारसं काही नाही. शब्द ११५. मोबाइलवर वेळ लावून त्यांनी मोठ्याने वाचलं तर पंचेचाळीस सेकंदांच्या बरंच पुढे गेलं. पण अडचण वेळेपेक्षा मोठी होती.

तीन उपमा एकामागून एक आल्या की ऐकणारा एकही धरून ठेवत नाही. पहिली समजेपर्यंत "किंवा" येतं आणि आधी उभं केलेलं चित्र पुसून टाकावं लागतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण मदत करतो आहोत, ऐकणाऱ्याला तीन वेळा नव्याने सुरुवात करावी लागते. आणि इथे तर तिन्ही उपमा वेगवेगळ्या जागी फसत होत्या.

पाण्याची नळी घ्या. आपल्या मनातली नळी रिकामी असते. नळ सोडला की पाणी यायला वेळ लागतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. "पाण्याने भरलेली" असं बाईंनी म्हटलं होतं खरं, पण एका विशेषणाच्या जोरावर आयुष्यभराचा अनुभव हटत नाही. ज्या मुलाच्या डोक्यात इलेक्ट्रॉन शर्यतीसारखे सुटतात, त्याला रिकामी नळी आयतीच मिळते. शिवाय पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं आणि संपतं. दिवा प्रवाह खाऊन टाकतो हा दुसरा गैरसमज त्यातून फुकट पदरात पडतो.

गोट्यांची नळी बरी, कारण ती आधीपासून भरलेली दिसते. पण तीही दोन्ही टोकांना उघडी आहे. परिपथ म्हणजे बंद वर्तुळ ही गोष्ट तीत कुठेच नाही.

रांग तर उलटाच परिणाम करते. रांग पुढे सरकते तेव्हा पहिला पाऊल टाकतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटचा कितीतरी वेळाने हलतो. जे घडत नाही असं आपण सांगतो आहोत, नेमकं तेच ही उपमा घडवून दाखवते.

उपमा बदलली की मुलांची उत्तरं बदलतात, हे नुसतं माझं मत नाही. डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी १९८३ मध्ये विजेबद्दलचे असे दोन नमुने तपासले होते: वाहतं पाणी आणि फाटकातून जाणारी गर्दी. पाण्याच्या अंगाने विचार करणाऱ्यांना सेलच्या जोडणीचे प्रश्न तुलनेने बरे सुटत होते, गर्दीच्या अंगाने विचार करणाऱ्यांना रोधकांचे. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा की चांगली उपमा असं काही सुटं नसतं. अमुक प्रश्नाला चांगली, एवढंच म्हणता येतं. म्हणून उपमा शोधायच्या आधी बाईंना विचारलं, "आपला प्रश्न एका वाक्यात काय?" त्या म्हणाल्या, "पहिला इलेक्ट्रॉन पोचायच्या आत दिवा कसा लागतो." तेच वाक्य कागदावर वर लिहून ठेवलं.

चेन

त्या वाक्यावरून उपमेत काय काय हवं ते ठरलं. वाहणारी वस्तू आधीपासून सगळीकडे असली पाहिजे. ती वर्तुळात फिरली पाहिजे आणि वाटेत खर्च होता कामा नये. ती हळू सरकत असतानाही परिणाम दूरवर लगेच दिसला पाहिजे. आणि हे सगळं नुसतं पाहिल्यावर कळलं पाहिजे, अटी घालून सांगावं लागता कामा नये.

सायकलची चेन यातल्या सगळ्या गोष्टी करते. चेन आधीपासून पूर्ण आहे. रिकामी चेन अशी वस्तू कोणाच्याच मनात येत नाही. ती बंद वर्तुळ आहे. कड्या मागच्या चाकाशी संपत नाहीत, जेवढ्या जातात तेवढ्याच परत येतात. पायडल कितीही हळू दाबलं तरी चाक त्याच वेळी हलतं.

बाईंना ती पटली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. त्यांनी फळ्यावर आदल्या दिवशी काढलेला परिपथ आठवला: डावीकडे सेल, उजवीकडे दिवा, वर एक तार, खाली एक तार. चेनचं चित्रही तेच. डावीकडे पायडलचं दातेरी चाक, उजवीकडे मागचं, मध्ये वरची बाजू आणि खालची बाजू. म्हणजे नवीन चित्र काढायची गरजच नाही. सेलवर आणि दिव्यावर एकेक गोल काढला की झालं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती स्क्रिप्टमध्ये नाही पण मला फार आवडते. पायडल मारताना चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल. कड्यांचा वेग दोन्हीकडे सारखा, ताण मात्र वेगळा. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रवाह सारखा असतो आणि विभव वेगळं, तसंच हे. मागच्या चाकाला जे मिळतं ते या ताणाच्या फरकामुळे मिळतं. विभवांतर शिकवताना बाई हे पुन्हा उकरून काढतील, पण पंचेचाळीस सेकंदांत त्याला जागा नव्हती.

दुसरा खर्डा आणि तुटलेली चेन

दुसऱ्या खर्ड्यात उपमा एकच राहिली, पण बाईंनी शेवटी एक वाक्य जोडलं: "आणि चेन तुटली की चाक थांबतं, तसं बटण बंद केलं की दिवा विझतो." ऐकायला छान. मीही आधी मान डोलावली. मग चेन तुटते तेव्हा खरं काय होतं ते डोळ्यांसमोर आणलं. ती खाली लोंबते, कड्या बाहेर येतात, आणि पायडल आणखीच मोकळं फिरतं. बटण बंद केल्यावर तारेच्या टोकातून इलेक्ट्रॉन सांडत नाहीत. ते जिथे आहेत तिथेच राहतात, फक्त त्यांचं सरकणं थांबतं. हे चेन अडकण्यासारखं आहे, तुटण्यासारखं नव्हे. एका जागी कडी अडकली की पायडलही थांबतं आणि मागचं दातेरी चाकही, पूर्ण वर्तुळ जागच्या जागी. म्हणून ते वाक्य काढलं. "अडकली" असं करून ठेवता आलं असतं, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याशिवायही पूर्ण होत होतं.

दुसरी दुरुस्ती "भिंतीवरचं बटण" या शब्दांची. ही चूक मला उशिरा दिसली. भिंतीवरच्या बटणामागे उलटसुलट वाहणारा प्रवाह असतो. तिथे इलेक्ट्रॉन चार तासांनीच काय, कधीच दिव्यापर्यंत जात नाही. ५० हर्ट्झच्या एक अँपिअर प्रवाहात आपल्या त्याच तारेत तो आपल्या जागेभोवती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागे-पुढे होत राहतो. "पोचायला चार तास" हे वाक्य घरातल्या दिव्याला लावलं तर ते चूकच ठरेल आणि एखादी हुशार मुलगी ते पकडेल. म्हणून सेल आणला.

मग वेळेचं गणित. बाई समजावून सांगताना मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतात. हे आम्ही त्यांच्याच बोलण्यावरून मोजलं. वाचून दाखवताना माणूस जास्त वेगाने बोलतो, म्हणून कागद हातात धरून लावलेली वेळ फसवी असते. ११० च्या गतीने पंचेचाळीस सेकंदांत ८२ शब्द बसतात. पण दोन ठिकाणी थांबणं भाग होतं, दोन-दोन सेकंद. उरले ४१ सेकंद, म्हणजे फार तर ७५ शब्द. "विद्युतक्षेत्र" आणि "इलेक्ट्रॉन" हे शब्द तोंडात जास्त वेळ घेतात, पण "की", "पण" असे एकाक्षरी-दोनाक्षरी शब्द ते भरून काढतात, म्हणून अक्षरं मोजण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

शेवटचा मजकूर असा झाला:

"सेल, बटण, दिवा आणि एक मीटर तार. या तारेतून एक इलेक्ट्रॉन पलीकडे जायला जवळजवळ चार तास लागतात. दिवा मात्र लगेच लागतो.

(दोन सेकंद थांबायचं. हात सेलवर.)

सायकलची चेन आठवा. पायडल दाबलं की मागचं चाक लगेच फिरतं. पायडलजवळची कडी चाकापर्यंत पोचलेली नसते. पण चाकाजवळ आधीपासून दुसरी कडी असतेच, तीच चाक फिरवते.

(दोन सेकंद. हात दिव्यावर.)

तारेतही तसंच. दिव्यात इलेक्ट्रॉन आधीपासून असतात. बटण दाबलं की सगळे एकदम सरकू लागतात. एक फरक: कड्या एकमेकींना ओढतात, इलेक्ट्रॉनना सरकवतं ते विद्युतक्षेत्र, आणि ते तारेभर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतं."

शब्द ७४. फळ्यासमोर उभं राहून तीन वेळा म्हटल्यावर दर वेळी पंचेचाळीसच्या आत बसलं, एकदा अगदी काठावर.

यातल्या काही निवडींवर आमचं बरंच बोलणं झालं. ड्रिफ्ट व्हेलॉसिटी हा शब्द मजकुरात नाही. बाईंना ते आधी रुचलं नाही, पण शब्द मुलांना कालच मिळाला होता, आज चित्र द्यायचं होतं. सेकंदाला ०.०७ मिलिमीटर हा आकडाही काढला आणि त्याच्या जागी चार तास घातले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची जाणीव कोणालाच नसते, पण दिव्यासमोर चार तास बसणं काय असतं ते प्रत्येकाला कळतं. "फरक एकच" असं बाईंनी लिहिलं होतं, त्याचं मी "एक फरक" करवून घेतलं, कारण फरक पुष्कळ आहेत आणि आपण त्यातला एकच सांगतो आहोत.

तो फरक सांगायचाच, हा माझा हट्ट होता. शेवटचं वाक्य काढलं असतं तर आठ-नऊ सेकंद वाचले असते. पण मग मुलांनी असं धरलं असतं की इलेक्ट्रॉन एकमेकांना खेटून उभे असतात आणि धक्का पुढे पुढे जातो. उपमेचं जे टोक सर्वांत सहज चुकीच्या दिशेने ओढलं जातं, त्यालाच त्या दमात बांधून टाकायला हवं. बाकीची टोकं नंतर बांधता येतात.

वर्गात

दुसऱ्या दिवशी मी मागे बसलो होतो. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, फक्त पहिल्या थांब्याला बाई दोनऐवजी चारेक सेकंद थांबल्या, कारण मुलं खरंच कोड्यात पडलेली दिसत होती. मला ते योग्य वाटलं. सेकंदांचं बंधन बोलण्यावर असावं, विचारावर नसावं.

लगेच एक प्रश्न फळ्यावर लिहिला आणि उत्तर वहीत मागितलं: "बटण दिव्याच्या अलीकडे न लावता पलीकडे, म्हणजे परतीच्या तारेत लावलं, तर दिव्यात काय फरक पडेल?" हा प्रश्न आम्ही मुद्दाम निवडला होता. "इलेक्ट्रॉन हळू असूनही दिवा लगेच का लागतो" असं विचारलं असतं तर मुलांनी बाईंचीच वाक्यं परत लिहिली असती. पलीकडच्या बटणाबद्दल मजकुरात एक शब्दही नाही. ज्याच्या डोक्यात अजून शर्यत चालू आहे तो म्हणणार की वीज दिव्यापर्यंत आधीच पोचलेली असते, मग पुढे बटण असलं काय नसलं काय. ज्याच्या डोक्यात चेन बसली तो म्हणणार, काही फरक पडणार नाही.

बहुतेकांनी फरक नाही असं लिहिलं. त्यातल्या एका मुलीचं वाक्य बाईंनी मला वाचून दाखवलं: "खालच्या बाजूची कडी अडली तर वरच्या बाजूची पण अडते." तुटण्याचं वाक्य आम्ही काढलं होतं, आणि अडकण्याचं तिचं तिने शोधलं.

एका मुलाने मात्र लिहिलं होतं, "दिवा लागेल पण थोडा उशिरा विझेल." त्याला बोलावून विचारलं तेव्हा कळलं की त्याच्या मते मधल्या तारेतले इलेक्ट्रॉन संपेपर्यंत दिवा चालू राहतो. चेनची उपमा त्याने ऐकली होती, पण पायडलपासून चाकापर्यंतची वरची अर्धीच बाजू त्याने मनात घेतली होती. आमच्या मजकुरात चेन परत येते असा उल्लेखच नव्हता. चेन म्हटली की ती गोल आलीच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पुढच्या तुकडीत बाईंनी शब्द वाढवला नाही. दुसऱ्या थांब्याला हात नुसता दिव्यावर ठेवण्याऐवजी त्यांनी बोट खालच्या तारेवरून फिरवत सेलपर्यंत परत आणलं.

मग अपेक्षित प्रश्न आलाच. "बाई, पण घरातली वीज उलटसुलट असते ना?" याचं उत्तर चेनने द्यायला गेलं की सायकल आडवी येते. पायडल उलटं फिरवलं तर मागचं चाक फिरत नाही, मागच्या दातेरी चाकातलं फ्रीव्हील नुसतं करकरत राहतं. म्हणजे चेनच्या हिशोबाने सेल उलटा लावला तर दिवा लागूच नये. साधा दिवा तर दोन्ही दिशांना लागतो. बाई इथे गडबडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "इथे आपली चेन संपली. आता दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत आठवा. करवत पुढे गेली तरी लाकूड कापतं, मागे आली तरी कापतं, आणि तिचे दाते कुठेच दूर जात नाहीत." आदल्या संध्याकाळी आम्ही हे बोललो होतो, पण मजकुरात घेतलं नव्हतं; कोणी विचारलं तरच द्यायचं असं ठरलं होतं. फ्रीव्हीलचं मात्र वाया गेलं नाही. पुढे डायोड शिकवताना बाई तेच वापरणार आहेत, कारण एकाच दिशेने जाऊ देणं हे दोन्हींचं काम.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नंतर आक्षेप घेतला, आणि तो खरा आहे. चेनमध्ये ऊर्जा चेनमधूनच जाते. विजेच्या परिपथात ऊर्जा तारेच्या आत इलेक्ट्रॉनबरोबर वाहत नाही. ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून दिव्यापर्यंत जाते. जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये याचं गणित मांडलं. चेन हे कधीच दाखवू शकणार नाही. त्याच दमात त्यांनी आणखी एक सांगितलं: इलेक्ट्रॉन कड्यांसारखे शिस्तीत जात नाहीत, तांब्यात ते सेकंदाला हजाराहून जास्त किलोमीटरच्या वेगाने वाटेल त्या दिशांना धावत असतात आणि ०.०७ मिलिमीटर ही त्या धावपळीवर पडलेली नुसती एक बारीक ओढ आहे. दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मजकुरात एकही घातली नाही. कागदावर वर लिहिलेल्या वाक्याचं उत्तर द्यायला त्यांची गरज नव्हती, आणि दुसरी गोष्ट रोधकता शिकवताना त्याच तासाला पुढे येणारच होती.

"लगेच" या शब्दावरही बोट ठेवलं गेलं. एक मीटर तारेत क्षेत्र पसरायला सेकंदाचा काही अब्जांश भाग पुरतो. तंतूचा दिवा असेल तर तंतू तापून उजेड पडायला त्याच्या लाखो पट वेळ जातो, आणि डोळ्यांना जी किंचित दिरंगाई दिसते ती तापण्याची असते, तारेची नव्हे. चेनलाही ओढ पोचवायला वेळ लागतोच. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जातो, त्याहून लवकर मागच्या कडीला काही कळणं शक्य नाही. तेव्हा "लगेच" तसाच ठेवला, "त्याच क्षणी" केला नाही. काहीच वेळ लागत नाही, असं तो शब्द म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात समांतर जोडणी आली. दोन दिवे, दोन वाटा, सेलकडून येणारा प्रवाह दोघांत वाटला जाणार. एका मुलाने हात वर करून विचारलं की चेनला फाटा कसा फोडायचा. बाईंनी सेलवरचा आणि दिव्यावरचा गोल पुसला आणि फळ्यावर भरलेल्या पाइपांचं जाळं काढायला घेतलं.